२० तारखेची मुलाखत बदलून घेताना

भोसरीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी अकाउंट्स आणि जीएसटी बघते. नवीन नोकरीसाठी प्रयत्न चालू असताना खराडीच्या एका कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं आणि तारीख निघाली नेमकी २०. ती मी बदलून घेतली, मुलाखतही झाली. माझ्याच क्षेत्रातल्या एक-दोन मैत्रिणींनी नंतर विचारलं की तू नक्की काय कळवलंस, कोणाला आधी सांगितलंस, त्यांना राग नाही का आला? त्यांना तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते इथे सगळं एकत्र लिहिते आहे.

जीएसटीत नसलेल्यांसाठी आधी २० तारखेचं काय आहे ते सांगते. महिन्याची विक्री ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ या विवरणपत्रात जाते. आपल्याला माल देणाऱ्या पार्ट्यांनी जी बिलं वेळेत चढवली, त्यांची यादी १४ तारखेला पोर्टलवर तयार होते, तिला आम्ही 'टू-बी' म्हणतो. आपली खरेदी त्या यादीशी जुळवायची, किती क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, मिळतंय ते काढायचं, उरलेला कर भरायचा आणि २० तारखेपर्यंत 'थ्री-बी' हे महिन्याच्या कराचं विवरणपत्र फाईल करायचं. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर हे दर महिन्याला चुकत नाही. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी लागते. ती फार वाटत नाही, पण रोखीने भरायचा जो कर राहिला असेल त्यावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज लागतं. शिवाय त्या महिन्याचं थ्री-बी राहिलं तर पुढच्या महिन्याचं जीएसटीआर-१ भरता येत नाही. मग आपल्या ग्राहकांचं क्रेडिट अडकतं आणि त्यांच्या खरेदी विभागाचे फोन सुरू होतात.

बोलावण्याचा मेल बुधवारी, १४ तारखेला संध्याकाळी आला. मंगळवार २०, सकाळी ११.३०, खराडीतलं ऑफिस. आधी एक्सेलची लेखी चाचणी, मग फायनान्स मॅनेजर आणि कंट्रोलर यांच्याबरोबर मुलाखत. मेल कंपनीच्या एचआर मॅडमनी पाठवला होता आणि ज्या प्लेसमेंट कन्सल्टंटमार्फत माझा बायोडेटा गेला होता, त्या मॅडमना कॉपी होती.

त्या रात्री मी उत्तर दिलं नाही. तारीख बदला म्हणण्याआधी, ती खरोखर बदलण्याची गरज आहे का हे मला स्वतःला पटायला हवं होतं. २० तारखेआधीच थ्री-बी भरून टाकता येईल का? कागदावर येतं. पण आमच्याकडे कराचे पैसे २० तारखेलाच निघतात, कारण ग्राहकांकडून येणारी मोठी रक्कम त्याच सुमाराला जमा होते आणि मालक तोवर बँकेतली शिल्लक मोकळी सोडत नाहीत. माझ्या हाताखालच्या मुलाकडे काम सोपवता येईल का? तो टॅलीत चांगला आहे, जुळवणीही करतो. पण थ्री-बी एकदा फाईल झालं की त्यात दुरुस्ती होत नाही, चूक निघाली तर ती पुढच्या महिन्यांत निस्तरावी लागते. क्रेडिटचा आकडा कोणता घ्यायचा हा निर्णय त्याच्या गळ्यात टाकणं बरोबर नव्हतं. आणि सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत? भोसरी ते खराडी हे अंतर, त्यातली रहदारी, लेखी चाचणी, बाहेर बसून राहणं आणि मग मुलाखत. दुपारी तीनच्या आधी मी टेबलावर परत येण्याची खात्री नव्हती, आणि २० तारखेला पोर्टल सगळ्यात जास्त दुपारनंतरच रखडतं.

एक शक्यता माझ्या नवऱ्याने सुचवली: तारीख वाढेल ना, वाढतेच की कधी कधी. वाढते हे खरं आहे. २०२५ च्या जानेवारीत पोर्टल बंद पडलं तेव्हा २० ची २२ झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिवाळी आडवी आली म्हणून २५ झाली. पण अशी वाढ अगदी शेवटच्या घटकेला जाहीर होते. तिच्या भरवशावर कोणाला 'येते' म्हणून कबूल करता येत नाही.

म्हणजे आड येणारं काम खरं होतं. ही खात्री झाल्यावर पुढचं बोलणं मला सोपं गेलं. खात्री नसती तर मी 'जमलं तर', 'शक्य असल्यास' असं काहीतरी लिहिलं असतं, आणि तसं लिहिणं सगळ्यात वाईट. ते का, ते पुढे सांगते.

आमच्या कारखान्याला गुरुवारची सुट्टी. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात अनेक कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी असते, वीजपुरवठ्याचे वार वाटून दिले तेव्हापासूनची ही पद्धत. या प्रकरणात तिचा मला दोनदा फायदा झाला. पहिला हा की मेल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरी होते. ऑफिसच्या आवारात, कोणी ऐकतंय का बघत, दबक्या आवाजात फोन करावा लागला नाही.

सकाळी दहा वाजता मी पहिला फोन कन्सल्टंट मॅडमना केला. मेल कंपनीकडून आला असला तरी माझं नाव त्यांनी पुढे केलेलं. मी परस्पर एचआरला कळवलं असतं तर त्यांना कॉपीतून कळलं असतं, आणि कंपनीने विचारल्यावर त्यांच्याकडे उत्तर नसतं. शिवाय जी माहिती मेलमध्ये नसते ती कन्सल्टंटकडे असते. तसंच झालं. त्या म्हणाल्या, "अहो, कंट्रोलर सर मुंबईला बसतात. महिन्यातून एखादा दिवस पुण्यात येतात, म्हणून २० ठरली. अजून दोन उमेदवारही आहेत त्या दिवशी. शक्यतो बदलू नका." मी कारण सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग तब्येत बरी नाही म्हणून कळवू या का? त्यावर कोणी काही बोलत नाही."

त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच सुचवलं होतं. मी नको म्हणाले. मुलाखत घेणारी माणसं फायनान्सची, २० तारीख त्यांना तोंडपाठ. जीएसटी बघणारी बाई नेमकी २० तारखेला आजारी पडते हे त्यांना लगेच खटकलं असतं. आणि पुढे बोलण्याच्या ओघात "या महिन्याचं थ्री-बी कधी भरलंत?" असा साधा प्रश्न आला असता, तर मला एका खोट्यावर दुसरं खोटं रचावं लागलं असतं. जे कारण खरं होतं तेच त्या खोलीत सगळ्यात जास्त समजून घेतलं जाणार होतं, तर ते लपवायचं कशाला? मी त्यांना एवढंच म्हटलं की मॅडम, आहे तेच कळवते, पण वेळा मी भरपूर मोकळ्या ठेवते आणि कंट्रोलर सरांशी व्हिडिओवर बोलायचीही माझी तयारी आहे. त्यावर त्या तयार झाल्या. "लगेच लिहा, आणि मला कॉपीत ठेवा," म्हणाल्या.

मग मेल लिहिला, माझ्या खाजगी पत्त्यावरून आणि आलेल्या मेललाच उत्तर म्हणून, म्हणजे आधीचा संदर्भ खाली राहिला. बोलावणं इंग्रजीत होतं म्हणून उत्तरही इंग्रजीत दिलं. मराठीत त्याचा मजकूर असा होईल:

"विषय: मंगळवार २० तारखेची मुलाखत, वेळ बदलण्याबाबत विनंती (माझं नाव, पदाचं नाव)

नमस्कार मॅडम,

मंगळवार, २० तारखेला सकाळी ११.३० वाजता मुलाखतीसाठी बोलावल्याबद्दल मनापासून आभार. या पदासाठी मुलाखत देण्याची माझी पूर्ण इच्छा आहे.

सध्याच्या कंपनीचं मासिक जीएसटी विवरणपत्र भरण्याची शेवटची तारीख २० आहे आणि ते काम माझ्या जबाबदारीवर आहे. त्यामुळे १९ आणि २० या दोन दिवशी मला येता येणार नाही.

पुढच्या दोन्ही वेळा मी मोकळ्या ठेवल्या आहेत, आपण ठरवाल ती मी नक्की पाळेन: गुरुवार २२, दिवसभरात कधीही, आपल्या ऑफिसमध्ये, शुक्रवार २३, दुपारी ३ नंतर, आपल्या ऑफिसमध्ये. कंट्रोलर सर त्या दिवशी पुण्यात नसतील तर लेखी चाचणी आणि फायनान्स मॅनेजर सरांची मुलाखत प्रत्यक्ष देऊन त्यांच्याशी व्हिडिओवर बोलायला मी तयार आहे.

आपण सर्वांची वेळ जुळवून ही तारीख ठरवली असेल याची मला कल्पना आहे. त्यात बदल करावा लागत असल्याबद्दल दिलगीर आहे."

खाली नाव आणि मोबाईल नंबर. बस.

यातली काही वाक्यं मी बराच विचार करून ठेवली. 'येता येणार नाही' हे स्पष्ट लिहिलं. एचआरच्या माणसाला उमेदवाराचा मेल वाचून एकच गोष्ट कळायला हवी असते: ही बाई २० तारखेला येणार आहे की नाही? 'शक्य झाल्यास तारीख बदलावी' असं वाचून ते कळत नाही. मग त्या बदलाला हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत, २० तारखेला आपलं नाव यादीत तसंच राहतं आणि आपण न आल्याची नोंद होते. न येण्याबद्दल ठाम राहायचं आणि नवीन वेळ ठरवणं त्यांच्यावर सोपवायचं, हे दोन्ही एकाच मेलमध्ये बसतं.

१९ तारीख मुद्दाम घातली. तारीख बदला म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "मग आदल्या दिवशी येता का?" १९ ला आमचे सीए सर आकडे तपासतात आणि मी त्यांच्यासमोर बसलेली असते. हे आधीच लिहिलं नसतं तर फोनवर पुन्हा एकदा नाही म्हणावं लागलं असतं, आणि दुसऱ्यांदा नाही म्हटलं की समोरच्याला वाटतं हिला यायचंच नाही. आणि २१ तारीख मी दिलेल्या वेळांत नव्हती. पोर्टल २० तारखेला रात्री दगा देऊ शकतं, बँकेतून भरलेलं चलन लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या खात्यात, उशिरा दिसू शकतं. डेडलाईनच्या लगोलग दुसऱ्या दिवसाची वेळ देणं म्हणजे पुन्हा तारीख बदलायला सांगण्याचा धोका पत्करणं. एकदा बदल मागितला तर लोक समजून घेतात. दुसऱ्यांदा मागितला की कारण कितीही खरं असो, माणूस बेभरवशाचा ठरतो. म्हणून मधला एक दिवस रिकामा सोडला.

कारण एका वाक्यात आटोपलं तेही जाणूनबुजून. किती कर भरायचा आहे, पैसे का २० लाच निघतात, मालक काय म्हणतात, हे सगळं सध्याच्या कंपनीच्या घरातलं. ते बाहेर सांगायचा मला अधिकार नाही. आणि जी उमेदवार आजच्या कंपनीचं गुपित मेलमध्ये लिहिते, ती उद्या आपलंही लिहील असं वाचणाऱ्याला वाटलं तर त्यात त्याची चूक नाही.

मेलबरोबर कॅलेंडरचं आमंत्रणही आलं होतं, खाली हो-नाहीची बटणं असलेलं. त्यातलं 'नाही' मी दाबलं नाही. त्या बटणाने आमंत्रण पाठवणाऱ्याला नुसता नकार पोचतो, आणि माझं सविस्तर उत्तर वाचण्याआधी तो दिसला तर अर्थ एकच निघतो की उमेदवार माघार घेते आहे. नवीन वेळेचं आमंत्रण येईपर्यंत जुनं तसंच राहू दिलं.

गुरुवारी उत्तर आलं नाही. शुक्रवारी दुपारपर्यंतही नाही. इथे मात्र हातावर हात ठेवून बसण्यासारखं नव्हतं, कारण त्या कंपनीला शनिवार-रविवार सुट्टी. शुक्रवार असाच गेला असता तर पुढची संधी थेट सोमवारी १९ तारखेला, म्हणजे मुलाखतीच्या आदल्या दिवशी. तोवर कंट्रोलर सरांचा दिवस आखला गेला असता. शुक्रवारी चारच्या चहाच्या सुट्टीत मी गेटबाहेर जाऊन एचआर मॅडमना फोन लावला. ऑफिसचा फोन नाही, ऑफिसचं वायफाय नाही, ऑफिसच्या लॅपटॉपवर त्या मेलचं नावही नाही, एवढी काळजी मी पहिल्यापासून घेतली होती.

मॅडम म्हणाल्या, "हो, तुमचा मेल बघितला, पण सरांचं पुण्यात येणं २० लाच आहे. नंतर त्यांचं काही सांगता येत नाही." मी म्हटलं, "मॅडम, सरांनी पुन्हा यावं असं माझं म्हणणं नाही. बाकी सगळं मी तुमच्याकडे येऊन देते, सरांशी व्हिडिओवर बोलते. गुरुवारी मला सुट्टी आहे, त्यांना जी वेळ सोयीची ती चालेल." त्यांनी विचारलं, "डेडलाईन म्हणजे नक्की काय हो?" मी म्हटलं, "जीएसटीचं मंथली रिटर्न, थ्री-बी. फाईल मीच करते." "बरं, सरांना विचारून सांगते."

सहाच्या आत मेसेज आला: गुरुवार २२, दुपारी ३, लेखी चाचणी २ वाजता, कंट्रोलर सर मुंबईहून व्हिडिओवर. त्यावर मी लगेच एका ओळीत कळवलं की गुरुवार, २२ तारीख, दुपारी २ वाजता ऑफिसमध्ये हजर राहीन, आणि आभार मानले. पार्किंग कुठे, चाचणीत काय असेल, असलं काही त्या उत्तरात विचारलं नाही. एक सवलत मिळाल्यावर लगोलग दुसरं काही मागणं मला योग्य वाटत नाही. कन्सल्टंट मॅडमना वेगळा फोन करून सांगितलं, म्हणजे त्यांच्या वहीतही तारीख बदलली.

आता २० तारखेचं. या दिवशी जागेवर माणूस का लागतो हे सांगितल्याशिवाय बाकीचं नीट कळणार नाही. आमच्या एका नेहमीच्या पार्टीने तिचं जीएसटीआर-१ उशिरा भरलं होतं. ११ तारखेनंतर भरलं की त्या बिलांचं क्रेडिट त्या महिन्याच्या टू-बीत दिसत नाही, पुढच्या महिन्यात येतं. माल आलेला, बिल हातात, पैसेही दिलेले, पण कायद्यात स्पष्ट आहे की टू-बीत नसलेलं क्रेडिट घेता येत नाही. म्हणजे या महिन्यात रोखीने भरायचा कर वाढणार. आमचे साहेब, म्हणजे मालक, म्हणाले, "बिल आहे ना आपल्याकडे, घेऊन टाक." त्यांना समोर बसून टू-बी आणि खरेदीचं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून दाखवावं लागलं की आज घेतलं तर उद्या नोटीस येईल आणि व्याजासकट परत करावं लागेल, थांबलो तर पुढच्या महिन्यात पूर्ण मिळेल. त्यांना पटलं, पण वाढीव रकमेची सोय करण्यात दुपार गेली. चलन भरलं, लेजरमध्ये रक्कम दिसायची वाट बघितली. मग साहेबांच्या डिजिटल सहीचं डोंगल. कंपनीचं रिटर्न त्या सहीशिवाय जात नाही. ते डोंगल आणि सहीचं सॉफ्टवेअर माझ्याच मशीनवर नीट चालतं, आणि त्या दिवशी तेही एकदा बंद करून पुन्हा चालू करावं लागलं. पोर्टल गोल गोल फिरत होतं. संध्याकाळी उशिरा एआरएन नंबर आला, म्हणजे पोच मिळाली.

साडेअकराला मी खराडीत असते तर साहेबांनी त्या मुलाला सांगितलं असतं आणि त्याने क्रेडिट घेतलं असतं. त्याचा दोष नसता, कारण मालकाला नाही म्हणण्याइतकं त्याचं वय आणि अनुभव नाही.

बुधवार मोकळा ठेवला होता तो सत्कारणी लागला. रिटर्नचे कागद लावून झाले, उशीर करणाऱ्या पार्टीला रीतसर मेल गेला आणि संध्याकाळी एक्सेलचा सराव करायला वेळ मिळाला.

गुरुवारी सुट्टीचाच दिवस असल्याने ऑफिसात रजा मागण्याचा किंवा काही कारण सांगण्याचा प्रश्न आला नाही. गुरुवारच्या सुट्टीचा हा दुसरा फायदा. चाचणीत दोन याद्या दिल्या होत्या, त्या बिल नंबरवरून जुळवायच्या होत्या आणि न जुळणारी बिलं वेगळी काढायची होती. बिल नंबर मुद्दाम निरनिराळ्या पद्धतीने लिहिलेले, कुठे सुरुवातीला शून्य, कुठे मध्ये तिरकी रेघ. रोजचंच काम.

व्हिडिओवर कंट्रोलर सरांचा पहिला प्रश्न होता, "काय मग, २० तारीख कशी गेली? काही अडलं होतं का?" मी सांगितलं की एका पुरवठादाराची बिलं टू-बीत आली नाहीत, ते क्रेडिट घ्यायचं नाही असं ठरवलं आणि रोख रक्कम वाढवून भरली. पार्टीचं नाव नाही, आकडा नाही. त्यांनी विचारलं, "वरून आग्रह झाला असता तर?" मी म्हटलं, "सर, झाला तर मी टू-बी समोर ठेवते आणि पुढच्या महिन्यात ते कसं मिळेल ते दाखवते. पैसे बुडत नाहीत, फक्त महिनाभर थांबतात, हे कळलं की बहुतेक वेळा पटतं." पुढची दहा-पंधरा मिनिटं बोलणं त्याच धाग्यावर चाललं: पुरवठादारांचा पाठपुरावा कधी सुरू करता, ११ च्या आधी की १४ च्या नंतर, कोणाचं पेमेंट रोखून धरता, खरेदी विभागाला कसं सामील करून घेता. मला वाटतं माझी अर्धी मुलाखत त्याच प्रश्नांवर झाली. आजारी असल्याचं कळवलं असतं तर हा पहिला प्रश्न आलाच नसता.

मैत्रिणींपैकी एकीने विचारलं की म्हणजे डेडलाईन आली की नेहमी तारीख बदलून मागायची का? मला तसं वाटत नाही. एकाच दिवशी बरेच उमेदवार बोलावून तिथल्या तिथे निवड करतात, तिथे एकासाठी वेगळा दिवस काढला जात नाही. तिथे एकतर जायचं, नाहीतर सोडायचं. कंपनीने तुमच्यासाठी आधी एकदा तारीख हलवली असेल तरीही नाही. आणि डेडलाईन आपल्याच ऑफिसने मनाने ठरवलेली असेल, एखादा अहवाल शुक्रवारऐवजी सोमवारी दिला तर चालण्यासारखं असेल, तर आपल्या साहेबांशी बोलून काम पुढे ढकलणं बरं. मुलाखतवाल्यांना सांगताना कारण असं असावं की ते ऐकून त्यांनी स्वतःही तेच केलं असतं. कायद्याने ठरलेली तारीख, चालू असलेलं ऑडिट, मालाचं डिस्पॅच, रुग्णालयातली ड्युटी, ही कारणं त्या त्या क्षेत्रातल्या माणसाला जास्त समजावून सांगावी लागत नाहीत. आणि उत्तर आलं की 'तारीख बदलणार नाही', तर आपण आधीच काय ठरवलं आहे ते पक्कं हवं. माझं ठरलं होतं की थ्री-बी सोडून जायचं नाही, ही संधी गेली तरी चालेल. मेल पाठवण्याआधी हे घरी बोलून झालं होतं. नवरा म्हणाला होता, "गेली तर गेली, दुसरी बघू." त्यामुळे शुक्रवारी फोन करताना माझा आवाज कापला नाही.

नंतर तीन-चार आठवड्यांत ऑफर आली. पगाराचं बोलणं कन्सल्टंट मॅडमनी केलं. रुजू होण्याची तारीख ठरवताना एचआर मॅडमनी महिन्याची १५ तारीख सुचवली. माझा दोन महिन्यांचा नोटीस पीरियड त्याच सुमाराला संपत होता. मी पुन्हा तसंच लिहिलं: शेवटच्या महिन्याचं थ्री-बी भरून आणि ते काम पुढच्या माणसाला समजावून देऊन मला निघायचं आहे, त्यामुळे २० च्या आधी येता येणार नाही, २३ किंवा २४ यापैकी आपल्याला सोयीची तारीख कळवावी. या वेळी उत्तर त्याच दिवशी आलं, २३ तारीख ठरली. आता हाताखालच्या मुलाला दर महिन्याला १४ तारखेला माझ्या शेजारी बसवते, टू-बी तो उतरवून घेतो आणि जुळवणी त्याच्याकडून करून घेते. या महिन्यात क्रेडिटचा आकडा त्याने काढला, मी फक्त तपासला.